पगारातून पीएफ कापला, पासबुकात मात्र भरणाच नाही: काय कराल?

पगाराच्या पावतीवर पीएफची कपात दिसते म्हणजे पैसे खात्यात गेले, असं धरून चालू नका. मालकाने एखाद्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकात नोंद उमटायला आणखी काही दिवस जातात, म्हणून एप्रिलच्या पगाराचा हिशोब मेअखेरीस तपासा.

आधी passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून पावत्यांशी महिनावार ताडून पाहा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर तुमच्या पगारातून १,८०० जातात. मालकही तेवढेच घालतो, पण त्यातले ५५० पीएफमध्ये आणि १,२५० पेन्शनमध्ये दिसतात. म्हणजे सहा महिने भरणा झाला नसेल, तर तुमचे १०,८०० धरून एकूण २१,६०० येणं आहे. तक्रारीत दोन्ही आकडे लिहा. बरेच जण फक्त स्वतःची कपात मागतात.

मग भरणा कंपनीने कोणाचाच केलेला नाही की फक्त तुमचं नाव गळलं आहे, हे बघा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनांचा शोध घेता येतो. तिथे कंपनीचं नाव किंवा कोड टाकला की कोणत्या महिन्याची किती रक्कम भरली आणि ती किती कामगारांची होती, हे कळतं. त्या महिन्याचा भरणा दिसतो, पण तुमच्या पासबुकात नोंद नाही, असं असेल तर यादीतून नाव वगळलं गेलं असेल किंवा यूएएन चुकला असेल. अशा वेळी एचआरला ईमेल करा. नुसतं तोंडी सांगू नका, पुढे तोच पुरावा होतो.

कंपनी दाद देत नसेल तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा. 'मालक पीएफ भरत नाही' एवढंच मोघम लिहिलं, तर ती 'मालकाला कळवले आहे' एवढ्या शेऱ्यावर बंद होऊ शकते. त्यापेक्षा असं लिहा: 'एप्रिल ते सप्टेंबर, दरमहा १,८०० रुपये कपात, पासबुकात नोंद नाही. थकबाकीची चौकशी करून वसुली करावी.' सोबत त्या महिन्यांच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि नेमणूकपत्र जोडा. पावतीच देत नसतील, तर बँक स्टेटमेंट आणि हजेरीचे मेसेज तरी जपून ठेवा. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, कारण स्मरणपत्र पाठवताना तोच लागतो. तरीही हालचाल नसेल, तर दर महिन्याला होणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात कागदांच्या प्रती घेऊन जा आणि अर्जावर पोच घ्या.

कंत्राटदाराकडे असाल तर मूळ कंपनीचं नावही तक्रारीत घाला. कंत्राटदार गायब झाला तरी पीएफची जबाबदारी तिच्यावर येते.

चौकशीत थकबाकी ठरली की मालकाला ती व्याजासकट भरावी लागते, वर दंडही बसतो. न भरल्यास त्याचं बँक खातं गोठवता येतं. कापलेली रक्कम न भरणं हा फौजदारी विश्वासघातही आहे, त्यामुळे पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. मात्र त्यासाठी ईपीएफओनेच पुढाकार घेतला तर प्रकरण भक्कम होतं. या सगळ्याला महिने लागतात. तोवर नोकरी सोडण्याची वेळ आलीच, तर 'कोणतंही येणं बाकी नाही' अशा कागदावर सही करण्याआधी त्यावर थकलेले महिने हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.