टॅग-अलाँग करारात आहे, पण आर्टिकल्समध्ये आहे का?

समजा, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत दोन चुलतभावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दहा हजार शेअर्सपैकी दादाकडे 6,000 आणि धाकट्याकडे 4,000. बाहेरचा कुणी दादाचे 5,000 शेअर्स प्रत्येकी 400 रुपयांनी घ्यायला आला, तर दादाने ते त्याच भावात आधी धाकट्याला देऊ करायचे, हा पहिल्या नकाराचा हक्क. पण 20 लाख रुपये उभे करणं धाकट्याला जमेलच असं नाही. तेव्हा टॅग-अलाँग कामी येतं: त्याच खरेदीदाराने, त्याच भावात, 3,000 शेअर्स दादाचे आणि 2,000 धाकट्याचे घ्यायचे. नाहीतर धाकट्याचे सगळे शेअर्स अनोळखी भागीदारासोबत अडकतात.

ही कलमं नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या करारात ठेवू नका. रंगराज खटल्यात (1992) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, नसलेलं शेअर-विक्रीवरचं बंधन कंपनीवरही चालत नाही आणि भागधारकांवरही. म्हणून विशेष ठराव करून ती आर्टिकल्समध्ये घाला आणि एमजीटी-14 हा फॉर्म कंपनी रजिस्ट्रारकडे तीस दिवसांत भरा. ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात, म्हणजे इथे दोघांची संमती हवीच. त्यामुळे हे काम खरेदीदार दारात येण्याआधी, संबंध गोड असतानाच उरका.

कलमात उत्तर देण्याची मुदत लिहा, उदाहरणार्थ 30 दिवस. आणि नकारानंतर बाहेरच्याला कमी दरात विकायचे ठरले, तर शेअर्स पुन्हा आधी धाकट्याला देऊ करावेत, हेही लिहा. ही ओळ बऱ्याच मसुद्यांत राहून जाते.