बसच्या आतला फोटो काढायचा तर आधी खिडकी बघा

नागपूर-पुणे चालवणाऱ्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला पोस्टरसाठी नव्या टू बाय टू सीटरचा आतला फोटो पाहिजे होता. माझं पहिलंच असं काम. मे महिन्यात दुपारी बाराला वर्धा रोडच्या एका यार्डात गेलो आणि फोटो आला तो असा की खिडक्या पांढऱ्याफट्ट, माणसं काळी. मालक म्हणे, "भाऊ, बस दाखवून राहिले का गुहा?"

कारण साधं होतं. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, छतामुळे ऊन आत येतच नाही, बाहेरची जमीन मात्र चमकत असते.

दुसऱ्यांदा सकाळी सातला गेलो आणि ड्रायव्हरला बसचं तोंड उत्तरेकडे करायला लावलं. मग उजव्या खिडक्या पूर्वेला येतात, ऊन तिरपं घुसून गँगवे ओलांडतं आणि डाव्या रांगेतल्या लोकांच्या चेहऱ्यावर पडतं. पण अर्ध्यापाऊण तासात सूर्य वर चढतो, म्हणून सगळी तयारी आदल्या संध्याकाळीच करून ठेवायची.

कॅमेरा केबिनजवळ ट्रायपॉडवर, तोंड मागे, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर 24 एमएम लेन्स पुरते, 16 लावली तर जवळची सीट सोफ्यासारखी ताणली जाते. एक फोटो आतल्या उजेडासाठी, दुसरा खिडकीसाठी उजेड दोन-तीन स्टॉप कमी करून, म्हणजे दर स्टॉपला निम्मा करत, आणि एडिटिंगमध्ये फक्त काचेचा भाग दुसऱ्यातून घ्यायचा. इथे मी माती खाल्ली, बाहेरचं झाड न झाड स्पष्ट करून टाकलं तर खिडक्या पोस्टर चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या. बाहेरचं आतल्यापेक्षा एकदीड स्टॉप उजळच राहू द्या, डोळ्याला तेच खरं वाटतं. आणि डोकं काचेसमोर असलेल्या माणसाला दोन्ही फोटो होईपर्यंत हलू देऊ नका, नाहीतर केसांभोवती भूत दिसते.

काचेला फिल्म असली तर चेहरे हिरवट येतात. सीटच्या पांढऱ्या हेडरेस्ट कव्हरवरून व्हाइट बॅलन्स घेतला की सुटतं, आणि ती निळी एलईडी पट्टी बंदच करा, मालक कितीही हट्ट करो.

प्रवासी पंचेचाळीस लागत नाहीत. सीटच्या पाठींमुळे मागचं झाकलं जातं, पुढच्या चार ओळींत आठ-नऊ लोक बसले की बस भरलेली वाटते. त्यांना कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून सांगाल तर सगळे एकदम खिडकीकडे बघतात, त्यापेक्षा हातात काहीतरी द्या. आमच्याकडे मालकाच्या काकू डबा उघडून खरंच खात होत्या, शेवटी तोच फोटो पोस्टरवर गेला, आणि त्यांच्या मागच्या सीटवरचं प्लास्टिक काढायचं राहून गेलेलं मला थेट छापून आल्यावर दिसलं.