सुकन्याचे पंचवीस लाख कुठे गेले? मुदतपूर्तीचा अंदाज काढताना या चुका टाळा

एप्रिल लागला की माझ्याकडे पासबुकं घेऊन माणसं येतात. मार्चअखेरचं व्याज जमा झालेलं असतं, पोस्टात नोंद मारून आणलेली असते, आणि मोबाईलवर कुठेतरी काढलेला आकडा त्याच्याशी जुळत नसतो. सुकन्या समृद्धीच्या बाबतीत तर दरवर्षी त्याच त्याच चुका. इतक्या वर्षांनी आता पासबुक उघडायच्या आधीच ओळखतो, घोळ कुठे असणार ते.

गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, वडणग्याचे आमचे पाहुणे आले. नात्यानं दाजी. ऊस आणि चार म्हशी. पासबुक टेबलावर टाकून म्हणाले, "पाव्हणं, पोस्टानं व्याज खाल्लंय बघा. चांगले सत्तर-बहात्तर हजार कमी हैत."

दाजींनी मुलीचं खातं एप्रिल २०१६ मध्ये उघडलं होतं. तेव्हा शहरात शिकणाऱ्या पुतण्यानं त्यांना एक शीट करून दिलं: दरसाल पन्नास हजार, दर ८.६ टक्के, २१ वर्षांनी २५ लाख ३५ हजार. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नऊ वर्षं जपला. त्या कागदावर मार्च २०२५ अखेर ६,९५,२९६ रुपये लिहिले होते. पासबुकात होते ६,२५,०१४. त्यातही खातं उघडताना भरलेले वेगळे हजार रुपये होते, ते व्याजासकट २,०१० झालेले. ते वगळले तर उरतात ६,२३,००४. फरक ७२,२९२ रुपयांचा. पोस्टानं एक रुपयाही खाल्ला नव्हता. कागदातच दोन चुका होत्या, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणाऱ्या त्याच दोन.

पहिली चूक: आजचा दर २१ वर्षांना लावणे

पुतण्याचा ८.६ हा दर खोटा नव्हता. एप्रिल २०१६ ला तोच होता. पण बऱ्याच जणांना वाटतं की मुदत ठेवीसारखा खातं उघडताना असलेला दर शेवटपर्यंत पक्का होतो. तसं नाही. या योजनेचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं आणि तो खात्यातल्या सगळ्या शिलकीला लागतो, जुन्या पैशालाही आणि नव्यालाही. २०१५-१६ मध्ये तो ९.२ होता. पुढे उतरत उतरत २०१८ च्या सुरुवातीला ८.१ वर आला, मग थोडा चढला, एप्रिल २०२० पासून तब्बल तीन वर्षं ७.६ वर बसून राहिला, एप्रिल २०२३ ला ८ झाला आणि जानेवारी २०२४ पासून ८.२.

याच्या उलट चूक आज होते. आजचा ८.२ घेऊन मागची वर्षंही त्यातच मोजतात. शीटमध्ये दराचा एकच रकाना असला की हे होणारच: तो बदलला की गेलेली वर्षंही बदलतात. गेलेल्या वर्षांचा दर बदलत नसतो, बाबांनो.

माझी सवय अशी: दर आर्थिक वर्षाला एक ओळ, आणि त्या ओळीत त्या वर्षाचा स्वतःचा दर. वर्षाच्या मध्ये दर बदलला असेल तर चार तिमाह्यांची सरासरी. उदाहरणार्थ २०१७-१८ मध्ये पहिल्या तिमाहीला ८.४, पुढच्या दोन तिमाह्यांना ८.३ आणि शेवटच्या तिमाहीला ८.१ होता. सरासरी ८.२७५. दर तिमाहीला ठरतो म्हणून व्याजही तिमाहीला चढतं असं समजून चक्रवाढ लावू नका. व्याज महिन्यावर मोजलं जातं, पण जमा होतं ते आर्थिक वर्षाच्या शेवटी, एकदाच.

दाजींच्या पन्नास हजारांना, ते दर एप्रिलला ५ तारखेच्या आत भरले असं धरून, खरे दर लावले तर मार्च २०२५ अखेर ६,७३,५०६ येतात. म्हणजे कागदापेक्षा २१,७९० कमी. हा दराचा वाटा. पण हे बहात्तर हजारांतले जेमतेम तीस टक्के. बाकीचे कुठे गेले?

दुसरी चूक: पैसे कधी भरले ते न बघणे

पासबुकाची पानं उलटली आणि उत्तर मिळालं. खातं एप्रिलमध्ये उघडलं होतं हजार रुपयांनी, पण पन्नास हजारांची प्रत्येक नोंद मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. २७ मार्च, ३० मार्च, एकदा तर थेट ३१. कागदावर मात्र प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरल्याचा हिशेब. दाजींना विचारलं तर म्हणाले, "उसाचं बिल हातात पडल्यावरच भरायचं की ओ. आणि मार्चएंडच्या आत भरलं म्हंजे झालं न्हवं?"

करसवलतीसाठी झालं. व्याजासाठी नाही. या खात्यात प्रत्येक महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरलेल्या पन्नास हजारांना त्या वर्षी बाराही महिने व्याज मिळतं, ८.२ टक्क्यांनी ४,१०० रुपये. मार्चअखेर भरलेल्या पन्नास हजारांना त्या वर्षी शून्य. दाजींच्या नऊच्या नऊ हप्त्यांचं पहिल्या वर्षाचं व्याज गेलं आणि त्यावरचं व्याजही गेलं. एकूण ५०,५०२ रुपये. एक अख्खा हप्ता. २१,७९० आणि ५०,५०२ मिळवा, ७२,२९२ होतात. हिशेब पैशाला पैसा लागला, तेव्हा कुठे दाजींनी पोस्टाला माफ केलं.

इथे एक गंमत सांगतो. ५ तारखेची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. त्यामुळे ५ एप्रिलला पोस्टात अशी झुंबड उडते की विचारू नका, आणि ६ तारखेला आलेला माणूस कपाळाला हात लावतो. अहो, एक दिवस चुकला तर एका महिन्याचं व्याज जातं. पन्नास हजारांवर ते ३४२ रुपये होतात. खरा तोटा मार्चची वाट बघण्यात आहे, आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

उसाचं बिल फेब्रुवारीत आलं तर मार्चएंडची वाट न बघता ५ मार्चच्या आत भरा, निदान एक महिना तरी मिळेल. दाजींना मी वेगळा उपाय सांगितला: एकदाच कळ सोसून मार्चच्या हप्त्याला लागून एप्रिलचा हप्ता भरा. आर्थिक वर्ष बदलतं, त्यामुळे दीड लाखाची वार्षिक मर्यादा आड येत नाही. त्यांनी दिवाळीला दूध संस्थेकडून मिळालेलं फरकबिल शिल्लक ठेवलं होतं, त्यात भर घालून भरले. पुढच्या वर्षापासून मार्चमध्ये येणारं उसाचं बिल सरळ १ एप्रिलनंतर भरायचं.

शीटमधला सूत्राचा घोळ

घाईच्या माणसांना एका ओळीत उत्तर हवं असतं. ते हे लिहितात:

```
=FV(8.2%,21,-50000,0,1)
```

आणि २७.९३ लाख बघून पेढे वाटतात. हप्ते खातं उघडल्यापासून १५ वर्षं पूर्ण होईपर्यंतच भरता येतात. पुढची सहा वर्षं शिल्लक नुसती वाढते. एकाच दराचा ढोबळ अंदाज हवाच असेल तर असं लिहा:

```
=FV(8.2%,6,0,-FV(8.2%,15,-50000,0,1))
```

उत्तर २३.९४ लाख. चार लाखांचा फुगवटा गेला. मी स्वतः मात्र असली सूत्रं वापरत नाही. वर्षाच्या ओळीत B मध्ये सुरुवातीची शिल्लक, C मध्ये हप्ता, D मध्ये वर्षाचा सरासरी दर आणि E मध्ये हप्त्याला व्याज मिळालेले महिने (५ एप्रिलच्या आत भरला तर १२, मार्चअखेर भरला तर ०):

```
=ROUND(B2*D2/100+C2*D2*E2/1200,0)
```

दरवर्षी हा आकडा पासबुकातल्या व्याजाच्या नोंदीशी लावून बघायचा. पाच-दहा रुपये इकडेतिकडे झाले तर सोडून द्या. दर आणि भरण्याचा महिना एकाच वर्षात बदलले असतील तर थोडा जास्त फरक पडतो. शेकड्यांत फरक आला की आधी E बघा, मग D. बहुतेक वेळा चूक E मध्येच सापडते.

आणखी काही, थोडक्यात

मुलगी २१ वर्षांची झाली की खातं पिकतं, हा समज चुकीचा. २१ वर्षं खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजायची. आठव्या वर्षी उघडलं तर मुलगी २९ ची होते.

मुदत संपल्यावर व्याज मिळत नाही, म्हणून त्यापुढची ओळ काढू नका.

मुलगी १८ ची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. काढायचा विचार असेल तर ती त्याच वर्षाच्या ओळीत वजा करा, शेवटी नको.

मग दाजींना किती मिळणार?

पुढचे दर कुणालाच ठाऊक नाहीत, म्हणून मी एक आकडा देत नाही, तीन देतो. सुरुवात कागदापासून नाही, पासबुकातल्या ६,२५,०१४ पासून. पुढे २०२५ ते २०३० असे सहा हप्ते एप्रिलमध्ये, मग सहा वर्षं नुसती वाढ, मुदत एप्रिल २०३७ पर्यंत. दर ८.२ राहिला तर साधारण २२ लाख ४९ हजार. तीन वर्षं बघितलेला ७.६ पुन्हा आला आणि टिकला तर २१ लाख १२ हजार. ७ पर्यंत घसरला तर १९ लाख ८२ हजार. आणि ७.६ च्याच दरात दाजींनी मार्चएंडची सवय सोडली नाही, तर आणखी सुमारे ४३ हजार कमी.

दाजींनी तिन्ही आकडे जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले आणि सर्वांत खालच्या आकड्याभोवती पेनानं गोल केला. "लग्नाचं ह्यातच बसवायचं," म्हणाले, आणि कागद परत पिशवीत घातला.