खाऊचे पैसे सुरू करताना पैसे संपणारी गोष्ट निवडा

आठ वर्षांच्या मुलासाठी पैशांचं पुस्तक घेताना बचत करून श्रीमंत होणारा नायक टाळा. पैसे संपतात अशी गोष्ट घ्या. ज्युडिथ व्हिऑर्स्ट यांचं १९७८ मधलं ‘अलेक्झांडर, हू यूज्ड टू बी रिच लास्ट संडे’ मला यासाठी फार आवडतं. त्यात मुलाला आजी-आजोबांकडून एक डॉलर मिळतो. त्याला वॉकी-टॉकीसाठी साठवायचं असतं, पण च्युइंगगम, हरलेल्या पैजा, तासभर भाड्याने घेतलेला साप असं करत सगळं जातं.

पहिले पैसे देण्याच्या आदल्या दिवशी हे वाचा. मुलासमोर दहा नाणी ठेवा आणि गोष्टीत पैसे गेले की एक नाणं बाजूला सरकवू द्या. हिशोब तंतोतंत जुळायची गरज नाही. शेवटी “काय शिकलास?” विचारू नका, मूल तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. “यातलं तू काय घेतलं असतंस?” असं विचारा. “साप!” म्हणाला तरी हरकत नाही, निवड त्याची आहे.

पुढे त्याचे पैसे दोन दिवसांत संपले, तर मध्येच भर घालू नका. तेच पुस्तक पुन्हा वाचायला घ्या. या वेळी तो स्वतःहून स्वतःच्या खर्चाबद्दल बोलू लागतो का, तेवढं बघा.