सोळावं वर्ष, ५० सीसी आणि गावाकडून आणलेली ॲक्टिव्हा

सोलापूर, लातूर, जळगाव, साताऱ्याकडून दर जूनमध्ये अनेक कुटुंबं ठाण्यात आणि नवी मुंबईत राहायला येतात. मूल अकरावीला, क्लास दोन स्टेशनं पलीकडे, रिक्षाचं भाडं परवडत नाही. मग टेम्पोत सामानाबरोबर गावची स्कूटर येते आणि पंधरवड्यात ती मुलाच्या हातात जाते. सांगायचं ते या एका गोष्टीबद्दल. खोली, रेशनकार्ड, गॅस यातल्या चुका पुढेमागे निस्तरता येतात. ही चूक मुलाच्या पंचविशीपर्यंत पुरते.

सगळा घोळ "सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन्स मिळतं" या वाक्यात आहे. ते अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४ सांगतं की १८ वर्षांखालच्या कोणीही सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवायचं नाही. त्याला सवलत एकच : इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल तर ती दुचाकी १६ पूर्ण झाल्यावर चालवता येते. पुढे कलम ७ मध्ये येतं की १८ खालच्या मुलाला बिनगिअर दुचाकीचं लर्निंग लायसन्स हवं असेल तर पालकांची लेखी संमती लागेल. लोकांच्या लक्षात हे दुसरं राहिलं आणि पहिलं गळून पडलं. गिअर नसणं आणि इंजिन ५० सीसीच्या आत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळाव्या वर्षासाठी दुसरी गोष्ट लागते.

हा कायदा झाला तेव्हा लुना आणि टीव्हीएस ५० घरोघरी होत्या, म्हणून तेव्हा ही सवलत कामाची होती. आज ॲक्टिव्हाचं इंजिन १०९ सीसीच्या वर आहे, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ॲक्सेस १२४ सीसी. मुलींसाठी हलकी म्हणून घेतली जायची ती स्कूटी पेप प्लससुद्धा जवळपास ८८ सीसीची. गावाकडे दूध घालायला वापरतात ती एक्सएल १०० नावातच सांगते. आज ठाण्यातल्या शोरूममध्ये उभी असलेली कुठलीही पेट्रोल स्कूटर सोळा वर्षांच्या मुलासाठी नाही. शंका असेल तर आरसी बुक काढा. त्यावर क्यूबिक कपॅसिटी असा रकाना असतो, आणि तिथला आकडा ५० किंवा त्याखाली असेल तरच पुढचा विचार करायचा.

ऑनलाइन अर्ज भरताना sarathi.parivahan.gov.in वर वाहनाचे प्रकार निवडायचे असतात. दुचाकीसाठी तिथे तीन नावं दिसतात. MC50CC म्हणजे ५० सीसीपर्यंतची, सोळाव्या वर्षी मिळणारी. MCWOG म्हणजे बिनगिअरची कितीही सीसीची, अठरानंतरची. MCWG म्हणजे गिअरची, तीही अठरानंतरच. अठरा झाल्यावर आपल्याकडे इंजिनाच्या आकाराची पायरी उरत नाही. स्प्लेंडरला जे लायसन्स तेच ६५० सीसीच्या बुलेटलाही. गिअरचं लायसन्स असलेला माणूस बिनगिअरची गाडी चालवू शकतो, उलट मात्र चालत नाही.

इथे एजंटांपासून सावध राहा, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. "मुलगा सोळाचा आहे ना, ५० सीसीचं काढून देतो, मग काही अडचण नाही" असं ते सांगतात. कार्ड खरंच मिळतं. त्यावर फोटो असतो, शिक्का असतो, आणि घरच्यांना वाटतं की झालं काम. पण ते कार्ड ॲक्टिव्हासाठी नाहीच. ते दाखवून ॲक्टिव्हा चालवणं म्हणजे लायसन्स नसताना चालवणं. आपलीच माणसं एकमेकांना "आमच्या पोराचं झालं, तुमचंही करून घ्या" म्हणत या एजंटांचे नंबर देतात, याचं फार वाईट वाटतं.

आता एक उदाहरण तारखांसकट बघू. मुलाचा जन्म १२ ऑगस्ट २००९ चा. २०२५ मध्ये दहावी झाली, कुटुंब खारघरला आलं, अकरावी सुरू झाली आणि १२ ऑगस्ट २०२५ ला मुलाला सोळा पूर्ण झाली. एमएच-१३ नंबरची, आजोबांच्या नावावरची ॲक्टिव्हा सोलापूरहून आली. अठरा पूर्ण होतात १२ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे बारावी संपून कॉलेजचं पहिलं वर्ष लागल्यावर. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं, जेव्हा क्लासची धावपळ सगळ्यात जास्त असते, नेमकी कायद्याच्या अलीकडे पडतात. म्हणूनच मोह होतो.

समजा सतराव्या वर्षी हा मुलगा नाक्यावर अडवला गेला किंवा कुणाला धडकला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ लागतं. त्यात पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. आपल्या उदाहरणात ती तारीख येते १२ ऑगस्ट २०३४. पदवी संपली, पहिली नोकरी लागली, सेल्सचं किंवा साइटवरचं काम असेल आणि मालकाने लायसन्स मागितलं, तरी हातात काही नाही.

"आम्हाला माहीत नव्हतं" हे पालकांनी कोर्टात सिद्ध करावं लागतं. मुलाने आपल्या नकळत चावी नेली किंवा आपण त्याला रोखण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार पालकांवरच आहे. मुलाकडे लायसन्स असेल आणि तो त्याच लायसन्सच्या प्रकारातली गाडी चालवत असेल, तर पालकांवर हे कलम लागत नाही. पण ५० सीसीचं कार्ड आणि खाली १०९ सीसीची गाडी अशी जोडी असली तर ही सवलत हातची जाते.

आजोबांच्या नावाचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण गावाकडून आणलेल्या गाड्यांत तो बहुतेक वेळा असतो. मालक म्हणून नाव लागतं ते आरसीवरचं. गाडी आजोबांच्या, मामांच्या किंवा थोरल्या काकांच्या नावावर असेल, तर इथल्या रस्त्यावर नातवाने केलेल्या गोष्टीसाठी गावातल्या सत्तर वर्षांच्या माणसावर केस उभी राहू शकते. विम्याचंही तसंच. समोरच्याला नुकसानभरपाई विमा कंपनीला द्यायला लावली, तरी चालकाकडे योग्य लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा तर नाकारलाच जातो. एखाद्याचा पाय मोडला तरी ही रक्कम लाखांत जाते, आणि ती गावची जमीन विकून भरावी लागते.

इलेक्ट्रिकबद्दल हल्ली सगळ्यात जास्त विचारणा होते. "तिला सीसीच नाही, म्हणजे ५० च्या आतच" हा युक्तिवाद दुकानदार करतात. त्यावर गाडी घेऊ नका. इलेक्ट्रिकमध्ये बघायचं ते असं : मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि सर्वाधिक वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर कायदा तिला मोटार वाहन धरत नाही. मग नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही, वयाची अट नाही. त्यावरची कुठलीही, म्हणजे हिरव्या प्लेटची प्रत्येक इलेक्ट्रिक स्कूटर, अठरानंतर.

या कमी वेगाच्या गाड्यांत एक गोष्ट नेहमी होते. दुकानदार "लॉक काढून देतो, चाळीस-पंचेचाळीस पळेल" म्हणतो. वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्ये बांधलेली असते आणि एक वायर सोडवून ती काढता येते. ती काढली की गाडी मोटार वाहन होते, आणि तिला नोंदणी नाही, विमा नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही. ओळखणं सोपं आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन मागून दुसऱ्या गाडीने वेग बघा. पंचविशीला येऊन ती तिथेच अडकली पाहिजे. खरेदी करताना चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि बिलावर मोटरचे वॉट लिहून घ्या. "साहेब, तसं कुणी विचारत नाही" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा. आणि खरी २५ ची गाडी असली तरी पाम बीच रोड किंवा घोडबंदर रोडवर ती नेऊ देऊ नका. मागून कंटेनर सत्तरने येत असतात. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांपुरती ती ठीक आहे.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : ५० सीसीचं कार्ड काढूच नका. चालवायला गाडी नाही आणि अठरा झाल्यावर ते आपोआप मोठं होत नाही. नव्या प्रकारासाठी पुन्हा लर्निंग, पुन्हा टेस्ट. दोन वर्षं एनएमएमटी, टीएमटी, लोकल किंवा सायकल. १८ पूर्ण झाल्यावर थेट MCWG चा अर्ज करा. लर्निंग मिळाल्यावर किमान ३० दिवस थांबून टेस्ट देता येते, आणि लर्निंग सहा महिनेच टिकतं. आपल्या उदाहरणातल्या मुलाने वाढदिवसाच्या दिवशी लर्निंग काढलं, तर सप्टेंबर २०२७ च्या मध्यावर टेस्ट देता येईल आणि १२ फेब्रुवारी २०२८ च्या आत ती झाली पाहिजे. त्या काळात पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा, आणि मागे शिकवणारा लायसन्सधारक सोडून कुणालाही बसवायचं नाही. क्लासमधल्या मित्रालाही नाही.

अर्जाआधी आधारवरचा पत्ता इथला करून घ्या. घरबसल्या आधारवर लर्निंग काढलं की पत्ता आधारचाच लागतो, आणि पुढे कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर जातं. गावचं घर बंद असेल तर ते परत फिरतं. कुठलं आरटीओ ते असं : ठाणे शहर एमएच-०४, ऐरोली ते बेलापूर एमएच-४३, कल्याण-डोंबिवली एमएच-०५, खारघर, कामोठे, पनवेल एमएच-४६. खारघरवाले वाशीला जाऊन दिवस घालवतात, ते टाळा.

टेस्टला गिअरची मोटारसायकल घेऊन जा. घरी फक्त ॲक्टिव्हा असेल तर ओळखीच्यांची घ्या, पण तिचा विमा आणि पीयूसी चालू आहे का ते आदल्या दिवशीच बघा.