बाराखडी तोंडपाठ, तरी वाचन अडतं : देवनागरी शिकवताना या चुका टाळा

दुसरीतल्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली. तक्रार अशी, की बाराखडी घडाघडा म्हणते, पण धडा वाचायला दिला की रडते. मी तिला 'अस्थिर' हा शब्द दाखवला. तिने वाचलं, 'असिथर'. मग 'सूर्य' दाखवला, तर 'सूयर'. आई म्हणाली, लक्ष नसतं हो तिचं. मला मात्र वाटलं, फार बारकाईने वाचते आहे. कागदावर खुणा ज्या क्रमाने दिसतात, त्याच क्रमाने ती वाचत होती. चूक असलीच तर तिच्या शिकवणुकीत होती.

'मराठी जशी बोलतो तशी लिहितो, मग वाचायला सोपीच' हे वाक्य या गोंधळाच्या मुळाशी आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. एक प्रश्न लिपीच्या बांधणीचा. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन ही समान दर्जाची, सुटी अक्षरं असतात. देवनागरीत व्यंजनाच्या पोटात 'अ' आधीपासूनच असतो आणि बाकीचे स्वर मात्रा होऊन त्याला वर, खाली, डावीउजवीकडे चिकटतात. अशा लिप्यांना पीटर डॅनियल्स या अभ्यासकाने १९९० मध्ये 'अबुगिडा' हे नाव दिलं. इथिओपियातल्या गीझ लिपीची पहिली अक्षरं अ, बु, गि, द, त्यावरून. दुसरा प्रश्न खोलीचा : लिहिलेली खूण आणि उच्चार यांचं नातं किती सरळ आहे? या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. फिनिश आणि इंग्रजी दोन्ही रोमन लिपीत लिहितात; फिनिश अगदी उथळ, इंग्रजी चांगलीच खोल. तिबेटी लिपी आपल्याच ब्राह्मी कुळातली, अबुगिडाच, पण 'आठ' या अर्थाचा शब्द लिहितात 'ब्रग्यद' असा आणि ल्हासात म्हणतात साधारण 'ग्ये'. त्यामुळे 'अबुगिडा म्हणजे सोपी लिपी' हा निष्कर्ष पहिल्याच पायरीवर घसरतो.

खोलीचा वाचनावर काय परिणाम होतो, याचं ठळक उत्तर फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलं. १३ युरोपीय भाषांमधली मुलं त्यांनी तपासली. पहिलीच्या अखेरीस ओळखीचे शब्द बरोबर वाचण्याचं प्रमाण फिनिशमध्ये ९८ टक्के होतं, फ्रेंचमध्ये ७९ आणि स्कॉटलंडमधल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांमध्ये ३४. स्कॉटिश मुलं वयाने लहान होती हे खरं, पण एवढी दरी नुसत्या वयाने पडत नाही.

मराठीची खोली फिनिशच्या जवळ धरली, तर मुलं वर्षभरात वाचायला लागायला हवीत. तसं होत नाही, कारण आपली अडचण खोलीत कमी आणि पसाऱ्यात जास्त आहे. क ते ह आणि ळ मिळून ३४ व्यंजनं. प्रत्येकाची १२ रूपं धरली तर ४०८ अक्षरं, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं काम याच मुद्द्याचं आहे : अक्षरं शिकणं पहिलीत आटपत नाही, ते पुढची काही वर्षं चालूच राहतं. त्यामुळे दुसरीतलं मूल 'ष्ठ' पाशी अडलं तर लगेच घाबरू नये.

बाराखडी हे गाणं होऊन बसतं

४०८ चा डोंगर खरं तर ४५ खुणांचा आहे : ३४ व्यंजनं, ९ मात्रा, अनुस्वार आणि विसर्ग. पण 'क का कि की' तालात म्हणताना मुलाला मात्रा ही वेगळी वस्तू म्हणून दिसतच नाही. तपासायची रीत सोपी आहे. टे, भू, झि, ळो, घै अशी उलटसुलट वीसेक अक्षरं कागदावर लिहा आणि एकेक दाखवा. 'टे' पाहून मूल मनातल्या मनात 'ट टा टि टी टु टू' करत तिथवर पोचत असेल, तर त्याला गाणं येतं, खूण येत नाही. मग बाराखडी आडवी शिकवण्याऐवजी उभी शिकवावी : एकच ओकार घेऊन को, मो, सो, बो, टो. स्वर कायम राहतो, व्यंजन बदलतं, आणि मात्रेचा आवाज मुलाच्या कानात सुटा होतो.

डोळ्यांचा क्रम आणि कानाचा क्रम

आता त्या मुलीकडे येऊ. 'अस्थिर' मध्ये पहिली वेलांटी स् च्याही आधी दिसते, पण तिचा उच्चार थ च्या नंतर होतो. 'सूर्य' मध्ये रफार य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार त्याच्या आधी. रोमन लिपीत आवाजांची रांग बहुतांशी डावीकडून उजवीकडे जाते. इथे रांग वाकडी आहे, आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही चिठ्ठ्या केल्या : अ, स्, थ्, इ, र. आधी कानाच्या क्रमाने मांडायच्या, म्हणायच्या, मग छापील शब्दात प्रत्येकीची जागा बोटाने शोधायची. रफाराला हाच उपाय. अर्ध्या र ची दुसरी सोय, 'आचाऱ्याला' मधली, त्याच बैठकीत दाखवू नका. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, तो पंधरा दिवसांनी शिकवला तरी चालतं. तिसऱ्या आठवड्यात तिने 'सर्किट' एका दमात वाचलं. त्यात वेलांटीही आहे आणि रफारही, दोन्ही एकाच 'क' भोवती.

न लिहिलेला अ, न म्हटलेला अ

'बदल' मध्ये द चा अ ऐकू येतो. काना देऊन 'बदला' केलं की तोच द 'बद्ला' असा मुका होतो. 'कमळ' चा शेवटचा अ गळतो, 'मित्र' चा राहतो. लिपी याची कुठलीही खूण देत नाही. चोर आणि चहा यांतला च, किंवा विश्व या अर्थाचा 'जग' आणि 'जगणे' मधला 'जग' यांतला ज, हाही तसाच. म्हणजे मराठीही थोडी खोल आहेच. घरी मराठी बोलणारं मूल 'क-म-ळ' जोडून पाहतं, ओळखीचा शब्द सापडतो आणि उच्चार आपोआप सुधारतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाकडे तो ओळखीचा शब्दच नसतो. त्याला 'नीट वाच' म्हणून उपयोग नाही. शब्द आधी बोलण्यात यायला हवा, मग फळ्यावर.

शुद्धलेखनाच्या गुणांवरून वाचन मोजणं हीसुद्धा चूक. दीर्घ ऊकार दिसला की वाचता येतो. ऐकून तो ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवणं मोठ्यांनाही जड जातं, कारण रोजच्या बोलण्यात तो फरक फारसा उरलेलाच नाही.

आणि एक चूक उलट दिशेची, इंग्रजी माध्यमाच्या घरांत हमखास दिसणारी. देवनागरीच्या सवयीने पालक इंग्रजीही अक्षराला अक्षर जोडून वाचायला लावतात. जी-ए-व्ही-ई 'गेव्ह' जमलं की मूल एच-ए-व्ही-ई 'हेव्ह' वाचतं आणि ओरडा खातं. तिथे नियम मोडलाय तो भाषेने. असे शब्द आख्खे ओळखायला शिकवावे लागतात, आणि केक, लेक, मेक असे शेवटाने जुळणारे शब्द एका गठ्ठ्यात. हीच 'आख्खा शब्द ओळख' पद्धत मराठीला लावली, तर मूल 'मासा' आणि 'मसाला' आकारावरून ताडायला लागतं.