चालू मॅच पूर्ण कर

रोज रात्री साडेनऊला मी वायफाय बंद करायचे आणि घरात भांडण व्हायचं. एकदा लेकाच्या शेजारी बसून पाहिलं, तेव्हा कळलं की ऑनलाइन गेमच्या मॅचला पॉज नसतो. मध्येच बाहेर पडलं की टीममध्ये एक खेळाडू कमी होतो आणि त्याची रँक घसरते. मग मी चिठ्ठी लिहिली:

"बाळा, तुझी मॅच मध्येच तोडणं मला आता पटत नाही. असं करून पाहूया का? आठवड्याचे 10 तास तुझे. कुठल्या दिवशी किती, ते तू ठरव. परीक्षेच्या आठवड्यात उरलेले तास सुट्टीत वापर. साडेनऊनंतर फक्त नवी मॅच सुरू करायची नाही, चालू असलेली पूर्ण कर. तुझ्या झोपेची मला काळजी वाटते, म्हणून फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. यात काय बदलायचं, ते खाली लिही."

त्यानं लिहिलं, "साडेनऊ नको, सव्वानऊ. मॅच 25 मिनिटं चालते, झोपायला उशीर होईल." हे मला सुचलंच नव्हतं!

पहिल्या आठवड्यात बुधवारपर्यंतच 8 तास संपले. मी गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात त्यानं आपणहून शनिवारसाठी 4 तास राखून ठेवले.